लेबल 42 चं, कुर्ता 40 चा: सेलरला फोटोंसकट पत्र कसं लिहायचं

ऑनलाइन मागवलेला कपडा अंगात बसला नाही की आमच्या इंदूरात माणसं दोनच गोष्टी करतात, एकतर तो घडी घालून कपाटात टाकतात नि पुढेमागे कुणाला तरी देऊन मोकळे होतात, नाहीतर माझ्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे घेऊन येतात की ताई जरा बाजूची शिवण उसवून ढिला करून द्या. मी आधी विचारते, सेलरला लिहिलंत का? बहुतेकांनी लिहिलेलं नसतं, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर "साइज छोटी आली आहे, बदलून द्या" एवढंच टाकलेलं असतं नि त्याला उत्तर आलेलं नसतं. आणि एकदा का मी शिवण उसवली की मग तो कपडा परत जाणार नाही, म्हणून कात्रीच्या आधी पत्र. ते पत्र कसं लिहायचं, त्याला कुठले फोटो जोडायचे नि ते फोटो कसे काढायचे, हे ज्यांनी कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. "साइज चुकली" असं आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतो. एक, तुम्ही 42 मागवला नि पाकिटात 40 चं लेबल लावलेला कुर्ता निघाला, ही पॅकिंगची चूक, यात वाद होत नाही, लेबलचा नि ऑर्डरचा फोटो पाठवला की काम होतं. दोन, लेबल 42 चंच आहे, कुर्ता सेलरच्या चार्टप्रमाणे 42 चाच आहे, पण आपल्याला 44 लागत होता. ही आपली चूक, इथे सेलरच्या रिटर्न पॉलिसीत काय लिहिलंय तेवढंच चालतं, हक्काची भाषा चालत नाही, विनंती करायची. आणि तिसरी गोष्ट, जी लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे लेबल 42 चं आहे पण कुर्ता 42 चा नाहीच. कारखान्यात एकाच कापडाचे वेगवेगळ्या साइजचे गठ्ठे एकाच टेबलवर असतात, लेबल हाताने लावतात, 40 च्या गठ्ठ्याला 42 ची लेबलं लागली की ती तशीच पुढे जातात. घरी माणूस अंगात घालून बघतो, टाइट होतो, लेबल बघतो तर 42, मग त्याला वाटतं आपलंच वजन वाढलं असेल. मी या तिसऱ्या गोष्टीबद्दल सांगणारे, कारण इथे न्याय तुमच्या बाजूने असतो पण तो दाखवायला माप लागतं, नुसतं "टाइट होतोय" म्हणून चालत नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींचंच घ्या. त्यांनी त्यांच्या मिस्टरांसाठी गणपतीत घालायला पुण्याच्या एका सेलरकडून कॉटनचा कुर्ता मागवला, साइज 42. आला, घातला, तर काखेत आवळतोय, नि बसलं की पोटावर बटणपट्टी ताणली जातेय. वहिनी तो माझ्याकडे घेऊन आल्या, लेबल तसंच, टॅग तसाच, आणि नशिबाने धुतलेला नव्हता.

हे धुण्याचं आधीच सांगते. नवा कॉटनचा कपडा पहिल्या धुण्यात सहज तीन ते पाच टक्के आटू शकतो. 46 इंचाचे चार टक्के म्हणजे जवळजवळ 2 इंच, आणि एका साइजचा नि पुढच्या साइजचा फरकही साधारण 2 इंचच असतो. म्हणजे तुम्ही एकदा जरी पाण्यातून काढलात तरी सेलर म्हणू शकतो की आटलाय, आणि त्याचं म्हणणं खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. म्हणून धुवायचा नाही, इस्त्रीही करायची नाही, टॅगचा दोरा तोडायचा नाही. घालून बघायला हरकत नाही पण अत्तर, पावडर, कुंकवाचा डाग, काही लागू देऊ नका. आणि पार्सलचं बाहेरचं प्लास्टिक ज्यावर पत्ता नि बारकोडचं लेबल असतं ते कचऱ्यात टाकू नका, आमच्या इंदूरात कचऱ्याची गाडी रोज सकाळी दारात येते नि माणसं पहिलं तेच देऊन मोकळी होतात.

आधी माप

माप घ्यायच्या आधी सेलरच्या पेजवर जा नि साइज चार्टचा स्क्रीनशॉट घ्या. तो आधीच घ्यायचा, कारण तक्रार गेल्यावर चार्ट बदलला किंवा ते प्रॉडक्टच काढून टाकलं तर तुमच्याकडे काही राहत नाही. स्क्रीनशॉटमध्ये प्रॉडक्टचं नाव दिसलं पाहिजे, नुसता तक्ता नको, एका स्क्रीनमध्ये मावत नसेल तर दोन घ्या.

आता त्या चार्टवर काय लिहिलंय ते बारकाईने वाचा, कारण इथे खूप जण फसतात. चार्ट दोन प्रकारचे असतात. एकात अंगाचं माप असतं, म्हणजे "ज्याची छाती 42 इंच त्याच्यासाठी". दुसऱ्यात कपड्याचं माप असतं, म्हणजे शिवून तयार झालेला कुर्ता छातीत किती आहे. कुर्ता अंगापेक्षा मोठा असावाच लागतो, हात वर करायला, बसायला, श्वास घ्यायला जागा लागते, त्यामुळे 42 छातीच्या माणसाचा साधा कुर्ता छातीत 45, 46 इंच असतो. जर चार्ट अंगाच्या मापाचा असेल आणि तुम्ही कुर्ता मोजून 45 लिहिलंत तर सेलर म्हणेल मग 42 पेक्षा मोठाच आहे की. आणि चार्ट कपड्याच्या मापाचा असेल तर मात्र प्रश्नच नाही, तो आकडा नि तुमच्या टेपवरचा आकडा जुळलाच पाहिजे. चार्ट अंगाचाच असेल नि तुमचा कुर्ता 42 म्हणून आला नि मोजला तर छातीत 42 च भरला, तर तेही चूकच, कारण हलायला जागाच ठेवलेली नाही, फक्त मग पत्रात तसं समजावून लिहावं लागतं. वहिनींच्या सेलरचा चार्ट कपड्याच्या मापाचा होता, वर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात हेही होतं की अर्धा इंच इकडेतिकडे होऊ शकतो. ही बारीक अक्षरं वाचायचीच.

मापायचं असं. कुर्ता गादीवर नाही, टेबलवर किंवा फरशीवर अंथरायचा, गादी खाली दबते नि माप चुकतं. बटणं सगळी लावायची. हाताने सुरकुत्या काढायच्या पण ओढायचं नाही, कापडाला आपल्या मनाने पडू द्यायचं. छातीचं माप एका काखेच्या शिवणीच्या 1 इंच खालून दुसऱ्या काखेच्या 1 इंच खालपर्यंत, सरळ आडवं, आणि जो आकडा येईल त्याची दुप्पट. खांदा म्हणजे मागच्या बाजूने एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या बाहीच्या शिवणीपर्यंत. लांबी म्हणजे खांद्याच्या सगळ्यात वरच्या जागेपासून, गळ्याच्या बाजूला, तिथून सरळ खाली घेरापर्यंत. चार्टमध्ये लांबी मागच्या गळ्यापासून मोजायला सांगितली असेल तर तशी मोजा, आपल्या सवयीने नाही. प्रत्येक माप दोनदा घ्या.

आणि टेप बघून घ्या! घरातली कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून ताणलेली असते, कधी सुरुवातीचं धातूचं टोक निघून गेलेलं असतं नि मुलांनी ती कापलेलीही असते. फूटपट्टी शेजारी ठेवून 12 इंच 12 च येतात ना ते बघा, फरक पडला तर नवी टेप आणा, राजवाड्याकडे शिवणाच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात अगदी थोडक्यात मिळते.

वहिनींच्या कुर्त्याचं माप आलं असं: छाती सपाट 22, म्हणजे 44 इंच, खांदा 18, लांबी 40. चार्टमध्ये 42 साइजच्या ओळीत होतं छाती 46, खांदा साडेअठरा, लांबी 41. आणि वरच्या 40 च्या ओळीत होतं छाती 44, खांदा 18, लांबी 40. म्हणजे तिन्ही मापं एक ओळ वर जाऊन बरोबर बसत होती. इथेच कळलं की हा 40 चा कुर्ता आहे नि लेबल 42 चं लागलंय.

हे तिन्ही मापं बघण्याचं महत्त्व यातच आहे. एकच माप कमी असेल, समजा नुसती छाती 2 इंच कमी नि लांबी, खांदा 42 च्याच ओळीतले, तर ती लेबलची नाही, शिवणीची चूक, शिवणाऱ्याने बाजूला जास्त कापड दाबलंय. अशा वेळी आतून बघा, शिवणीच्या आत किती कापड शिल्लक आहे ते दिसतं. तीही बदलून मागता येते पण पत्रातलं वाक्य वेगळं होतं. आणि खांद्याचा अर्धा इंच एकटा धरून भांडू नका, तो सेलरने सांगितलेल्या अर्ध्या इंचाच्या सुटीत बसतो. भार छातीवर द्यायचा, 2 इंच कुठल्याच सुटीत बसत नाहीत. सपाट मापात अर्ध्या इंचाची चूक झाली तर दुपटीत 1 इंचाची होते हेही ध्यानात ठेवा, म्हणून छाती दोन नाही तीनदा मोजा.

मग फोटो

लोक अंगात घालून आरशासमोर फोटो काढून पाठवतात, बटणं ताणलेली, चेहरा वैतागलेला. त्याने काहीच सिद्ध होत नाही, सेलर म्हणणार तुम्हाला मोठी साइज लागते. तो फोटो पाठवूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. फोटोने फक्त एवढंच दाखवायचं की हाच कुर्ता, हीच ऑर्डर, लेबल हे, माप हे.

वहिनींनी जे पाठवले ते असे होते. पहिला, पार्सलच्या लेबलचा, ऑर्डर नंबर वाचता येईल असा. दुसरा, गळ्यामागच्या लेबलचा, 42 दिसतंय नि त्याच फोटोत लटकता टॅगही आहे, म्हणजे टॅग काढलेला नाही हेही त्यातच आलं. तिसरा, अख्खा कुर्ता अंथरलेला नि छातीवर टेप आडवी ठेवलेली, लेबलही दिसेल असा, म्हणजे माप घेतलेला कुर्ता नि लेबलवाला कुर्ता एकच आहे यावर शंका नको. चौथा नि पाचवा त्याच टेपच्या दोन्ही टोकांचे जवळून, एकात शून्य बरोबर शिवणीवर आहे नि दुसऱ्यात 22 शिवणीवर आहे. सहावा लांबीचा, आणि शेवटी चार्टचा स्क्रीनशॉट. बस, सात. वीस फोटो पाठवले तर कामाचा कुठला ते समोरच्याला शोधावं लागतं नि तो शोधत नाही.

टोकांचे जवळचे फोटो मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. लांबून काढलेल्या फोटोत टेप दिसते पण शून्य कुठे धरलंय ते दिसत नाही, नि समोरचा लगेच म्हणतो की टेप एक इंच आतून लावली असेल. मोबाइल टेपच्या बरोबर वर धरायचा, तिरका धरला तर आकडा अर्धा पाव इंच सरकलेला दिसतो. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, फ्लॅश बंद, कारण चकचकीत टेपवर फ्लॅश पडला की आकडे पांढरे होऊन जातात. पांढऱ्या कुर्त्याखाली गडद चादर, गडद कुर्त्याखाली फिकी, म्हणजे कडा दिसतात. फोटो काढल्यावर मोठा करून बघा, आकडा तुम्हाला वाचता आला तरच तो त्यांना वाचता येईल.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला तर तो बारीक होऊन जातो नि टेपवरचे आकडे पुसट होतात, म्हणून तिथे पाठवायचेच असतील तर "डॉक्युमेंट" म्हणून जोडा. पण मुख्य पत्र ईमेलनेच पाठवा, त्याला तारीख, वेळ, विषय सगळं राहतं. जीमेलवरून एका मेलमध्ये 25 एमबीपर्यंत जोडता येतं, सात फोटो बहुतेक वेळा त्यात मावतात. फोटोंना 1 ते 7 नंबर देऊन नावं बदला, म्हणजे पत्रात "फोटो 4 बघा" असं म्हणता येतं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढलेला असेल तर उत्तम, तोही आहे एवढंच पत्रात लिहा, मागितला तर द्या. आणि हे फोटो सेलरच्या सार्वजनिक पोस्टखाली टाकायची वेळ आली तर पत्ता नि फोन नंबर झाकूनच टाका, पार्सलच्या लेबलवर तुमचं सगळंच छापलेलं असतं.

आता पत्र

ज्या दिवशी माप घेतलं त्याच दिवशी लिहायचं. बदलायची मुदत पार्सल मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, बऱ्याच ठिकाणी ती सातच दिवस असते, नि "रविवारी निवांत बसून लिहू" म्हणता म्हणता ती निघून जाते. सेलर पुण्याचा असल्यामुळे वहिनींनी मराठीत लिहिलं, जयपूर किंवा सुरतच्या सेलरला हेच हिंदीत लिहा, क्रम तोच ठेवा. वेबसाइटवर रिटर्नचं बटण असेल तर तेही दाबा, कारण म्हणून "साइज फिट नहीं हुआ" असलं काही निवडू नका, "चुकीचा माल आला" किंवा "वर्णनाप्रमाणे नाही" असा पर्याय निवडा, नाहीतर तुमची केस पहिल्याच पायरीवर दुसऱ्या प्रकारात जाऊन बसते.

मी नि वहिनींनी मिळून लिहिलेलं पत्र हे, ऑर्डर नंबर नि नाव काढून:

> विषय: ऑर्डर नं. ……… : लेबल 42 चं, कुर्त्याचं माप 40 चं, बदलून हवा
>
> नमस्कार,
>
> मी 3 ऑगस्टला तुमच्याकडून पुरुषांचा कॉटन कुर्ता, रंग मोतिया, साइज 42 मागवला होता. पार्सल 8 ऑगस्टला इंदूरला मिळालं. पैसे ऑर्डर करतानाच भरलेले आहेत.
>
> कुर्त्यावर लेबल 42 चं आहे (फोटो 2), पण कुर्ता सपाट ठेवून मोजल्यावर छाती 22 इंच, म्हणजे एकूण 44 इंच भरते (फोटो 3, 4, 5). लांबी 40 इंच (फोटो 6) आणि खांदा 18 इंच आहे. तुमच्या साइज चार्टमध्ये (फोटो 7) 42 साठी छाती 46, लांबी 41 आणि खांदा साडेअठरा दिलेला आहे. आलेल्या कुर्त्याची तिन्ही मापं चार्टमधल्या 40 च्या ओळीशी जुळतात. त्यामुळे 40 च्या कुर्त्याला चुकून 42 चं लेबल लागलं असावं असं वाटतं.
>
> कुर्ता धुतलेला नाही, वापरलेला नाही, टॅग आणि पाकीट जसंच्या तसं आहे.
>
> मला याच रंगाचा 42 साइजचा कुर्ता बदलून हवा आहे. त्याच लॉटमधल्या इतर कुर्त्यांवरही असंच लेबल असू शकतं, म्हणून नवीन कुर्ता पाठवण्याआधी कृपया छाती मोजून 46 इंच असल्याची खात्री करावी आणि शक्य असल्यास त्याचा फोटो पाठवावा.
>
> लेबलची चूक असल्यामुळे परत नेण्याचा आणि नवीन पाठवण्याचा खर्च तुमच्याकडे असावा. कुर्ता गणपतीसाठी हवा आहे, 22 ऑगस्टपर्यंत मिळणं गरजेचं आहे. या रंगात 42 शिल्लक नसेल तर ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात पूर्ण रक्कम परत करावी.
>
> पिकअप कधी येईल ते 12 ऑगस्टपर्यंत कळवावं ही विनंती.
>
> आपली,
> ………
> (फोन नंबर, ऑर्डरवर दिला तोच)
>
> सोबत: फोटो 1 ते 7

बघा, यात कुठेही "फसवणूक" हा शब्द नाही, "तुमची क्वालिटी एकदम बेकार" नाही, नि "मला खूप मनस्ताप झाला" असंही नाही. मनस्ताप झालेला असतो हे खरंय, पण पत्र वाचणारा बहुतेक वेळा सेलर नसतोच, तो एक पोरगा किंवा पोरगी असते जिच्यासमोर दिवसभरात ढीगभर मेल असतात, तिला फक्त हे बघायचं असतं की ऑर्डर कुठली, चूक कुठली, पुरावा कुठे नि मागणी काय. हे चार प्रश्न तिने विचारायच्या आधीच उत्तरं दिली की पत्र पुढे सरकतं, नाहीतर "कृपया ऑर्डर नंबर द्या" नि "फोटो पाठवा" करण्यातच तुमचे सात दिवस जातात.

त्या लॉटच्या वाक्याबद्दल थोडं सांगते, कारण हे माणसं लिहीतच नाहीत. चूक जर लेबल लावताना झाली असेल तर ती एका कुर्त्यापुरती क्वचितच असते, गठ्ठाच्या गठ्ठा चुकलेला असतो. सेलर त्याच कप्प्यातून 42 लिहिलेला दुसरा कुर्ता काढणार, तोही 40 चाच असणार, नि तुमच्याकडे परत तेच पार्सल येणार. म्हणून पाठवण्याआधी मोजा हे सांगणं त्यांच्याही फायद्याचं आहे, आणि चांगला सेलर असेल तर तो ऐकतो.

मागणी एकच ठेवा नि एक पर्याय द्या. "बदलून द्या नाहीतर पैसे द्या नाहीतर दुसरा रंग चालेल नाहीतर काहीतरी डिस्काउंट द्या" असं लिहिलं की समोरचा त्यातलं स्वतःला सगळ्यात स्वस्त पडणारं उचलतो. आणि जोशात येऊन 44 मागू नका, आधी घरातला नीट बसणारा एखादा जुना कुर्ता अशाच पद्धतीने मोजून बघा. वहिनींच्या मिस्टरांचा आवडता कुर्ता छातीत 46 भरला, म्हणजे 42 हीच साइज बरोबर होती, हे कळल्यावरच आम्ही पत्रात 42 लिहिलं.

मेल गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर एक छोटा मेसेज: "ऑर्डर नं. ……… साठी आज सकाळी मेल केलाय, सात फोटो जोडलेत, कृपया बघून कळवा." परत सगळी कहाणी तिथे लिहू नका, दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या गेल्या की घोळ होतो.

उत्तरं कशी येतात

वहिनींना पहिलं उत्तर आलं की हा कुर्ता स्लिम फिट आहे, थोडा टाइट वाटेल. हे उत्तर बहुतेकदा पत्र न वाचताच पाठवलेलं असतं, त्यामुळे चिडू नका. त्याच मेलवर, नवीन मेल न काढता, दोनच वाक्यं लिहिली: "स्लिम फिट असला तरी तुमच्याच चार्टमध्ये 42 साठी छाती 46 आहे, आलेल्या कुर्त्याची 44 आहे. कृपया फोटो 4, 5 आणि 7 शेजारी शेजारी बघावेत." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की स्टॉक तपासतो, मग नव्या कुर्त्यावर टेप ठेवलेला फोटो आला, 23 दिसत होते, म्हणजे 46, नि पिकअपची तारीखही.

दुसरं एक उत्तर येतं की 42 संपलंय, क्रेडिट नोट घ्या, पुढच्या खरेदीत वापरा. तुम्हाला त्यांच्याकडून आणखी काही घ्यायचंच असेल तर घ्या, पण नको असेल तर घ्यायला तुम्ही बांधलेले नाही. आणि "सेलचा माल बदलून मिळत नाही" हे उत्तर आलं तर शांतपणे नियमाचं एक वाक्य लिहायचं. ऑनलाइन विक्रीसाठी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 आहेत, त्यात सांगितलंय की जाहिरातीत किंवा ठरल्यात दिलेल्या वर्णनाप्रमाणे माल नसेल तर सेलरला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. साइज चार्ट हे वर्णनच आहे, म्हणून तर त्याचा स्क्रीनशॉट. याच नियमांत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलाय, त्याने तक्रार मिळाल्याचं 48 तासांत कळवायचं नि महिन्याभरात ती निकाली काढायची. वेबसाइटच्या अगदी खाली त्याचं नाव नि मेल असतं, सेलरच्या नेहमीच्या मेलवरून उत्तर नाही आलं तर तेच पत्र, तेच फोटो, त्या मेलवर पाठवा. पण हे लक्षात असू द्या की नुसतं अंगाला बसलं नाही, चार्टप्रमाणे माप बरोबर आहे, अशा ठिकाणी हा नियम तुमच्या मदतीला येत नाही, तिथे सेलरची पॉलिसीच.

तरीही काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर 1915, तिथे फोन करून किंवा त्यांच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवता येते, ते सेलरकडे पाठपुरावा करतात. तिथे तुमचं हेच पत्र कामाला येतं, नव्याने काही लिहायला लागत नाही. अगदी टोकाची वेळ आली तर जिल्हा ग्राहक आयोगही आहे, नि 2019 च्या कायद्याप्रमाणे सेलर पुण्याचा असला तरी तुम्ही इंदूरला राहता म्हणून इंदूरच्याच आयोगात जाता येतं. एका कुर्त्यासाठी कुणी तिथवर जात नाही, पण सेलरलाही हे माहीत असतं.

पिकअपचा दिवस

कुर्ता परत देताना आत एक चिठ्ठी ठेवा: ऑर्डर नंबर, "लेबल 42, माप 40, बदलण्यासाठी" नि मेलची तारीख. गोदामात पार्सल उघडणाऱ्याने तुमचा मेल वाचलेला नसतो, त्याच्या हातात फक्त कुर्ता येतो नि त्याच्यावर 42 लिहिलेलं असतं, त्याला काय कळणार चूक कुठे आहे. बंद करण्याआधी कुर्ता, टॅग नि चिठ्ठी एका फोटोत घ्या. पिकअपवाल्याकडून पावती किंवा फोनवर मेसेज आल्याशिवाय पार्सल हातातून सोडू नका. छोटे सेलर कधी म्हणतात तुम्हीच कुरिअर करा, तर मग पोस्टाने स्पीड पोस्ट करा, पावती जपून ठेवा, तिचा फोटो त्याच मेलवर टाका नि तेवढे पैसे मागा, पण किती लागले ते पाठवण्याआधीच कळवून त्यांचा होकार घ्या.

काही ठिकाणी डिलिव्हरीवाला नवा कुर्ता देतो नि तिथेच जुना घेऊन जातो. त्याला घाई असते, तरी त्याला दोन मिनिटं थांबवा, टेप हाताशी तयार ठेवा, नवा कुर्ता उघडून छाती मोजा, 23 भरले तर जुना द्या. नाही भरले तर दोन्ही पार्सलांपैकी नवंच परत करा, जुना आपल्याकडे राहू द्या, आणि त्याच मेलवर, त्याच विषयाखाली, आठवा फोटो जोडून लिहा की नवा कुर्ताही 44 च भरतोय, आता बदलून नको, पैसे परत करा नि जुना कुर्ता न्यायला माणूस पाठवा.